साडेतीन मीटर वाळू गेली कुठे?

खाडीकाठी भराव टाकून वसवलेल्या वसाहतीत गेलो की माझी नजर आधी इमारतीच्या सर्वांत खालच्या पायरीकडे जाते. बऱ्याच ठिकाणी ही पायरी वरच्या पायऱ्यांची सख्खी बहीण वाटत नाही. सिमेंटचा रंग वेगळा, उंची वेगळी, कधी तिच्याही खाली एक फरशी नुसतीच टेकवलेली. विचारले तर कोणी सांगते, 'इमारत वर आल्यासारखी वाटते.' दुसरा कोणी म्हणतो, 'अंगण बसले.' दुसऱ्याचे बरोबर आहे. इमारत खडकापर्यंत उतरवलेल्या पाइलांवर उभी असते, ती जागची हलत नाही. तिच्या भोवतीची जमीन मात्र खाली जात राहते आणि दर काही वर्षांनी एक नवी पायरी बांधावी लागते.

लोक समजतात की भराव नीट दाबला नव्हता म्हणून तो बसला. कधी कधी तसे असतेही. पण वाळूचा भराव बसायचा तेवढा लवकर बसून जातो. वर्षानुवर्षे बसत राहतो तो त्याच्या खालचा चिखल. आणि 'बसतो' म्हणजे तरी काय होते? त्यातले पाणी निघून जाते. ते किती निघणार, किती वेळ घेणार आणि निघाले हे ओळखायचे कसे, एवढ्या तीन प्रश्नांवर समुद्रात भर घालण्याचे सारे शास्त्र उभे आहे. ते समजून घ्यायला सिंगापूरच्या पूर्व टोकाला, चांगी विमानतळाच्या शेजारी जाऊ. तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलेल्या कामात दोन हजार हेक्टरांच्या आसपास जमीन समुद्रातून वर काढली गेली. त्यासाठी सुमारे 27 कोटी घनमीटर वाळू लागली. चिखलातले पाणी काढण्यासाठी ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रोवल्या त्यांची एकूण लांबी 14 कोटी मीटर भरली. पृथ्वीला साडेतीन वेढे बसतील एवढी.

तिथल्या समुद्रतळाशी जी माती आहे तिला भूवैज्ञानिक 'कल्लांग' गटातली सागरी चिकणमाती म्हणतात. ती एकसलग नाही. वर एक थर, खाली एक थर आणि मध्ये थोडी घट्ट, तांबूस-पिवळसर माती. ही मधली पट्टी कशी आली याची गोष्ट मला फार आवडते. खालचा थर आधी समुद्रात साचला. मग हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली गेली, तो थर उघडा पडला, त्याच्या पृष्ठभागाला ऊन लागले, भेगा पडल्या, गंज चढला. हिमयुग सरल्यावर समुद्र परत आला आणि या वाळलेल्या पापुद्र्यावर नवा मऊ चिखल साचू लागला. हा वरचा थर वयाने काही हजार वर्षांचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात तान्हा. त्याच्यावर स्वतःच्या वजनाखेरीज कधी कोणाचे ओझे पडलेले नाही. दोन्ही थर मिळून काही ठिकाणी जाडी पन्नास मीटरांच्या घरात जाते.

या वरच्या मातीचा नमुना हातात घेतला तर ती घट्ट लोण्यासारखी लागते. बोट सहज रुतते, पण ती वाहत नाही. आकारमानाने तिच्यात दर तीन भागांत जवळपास दोन भाग पाणी असते. मातीचे कण इतके बारीक आणि चपटे की पाणी त्यांच्यामध्ये अडकून बसते. वाळूत पाणी ओतले तर ते पाहता पाहता खाली जाते. या मातीतून तेच पाणी वर्षभरात काही सेंटीमीटर सरकले तरी खूप.

आता या मातीवर दहा-बारा मीटर वाळू आणून टाकली की काय होते? पहिल्या दिवशी जवळपास काहीच नाही, आणि नेमकी हीच फसवी गोष्ट आहे. पाणी दाबले जात नाही. म्हणून वरून आलेले सगळे ओझे सुरुवातीला मातीचे कण घेत नाहीत, त्यांच्यामधले पाणी घेते. पाण्यातला दाब एकदम चढतो. दाब चढलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधते, ती सापडली की हळूहळू निसटते. जेवढे पाणी जाते तेवढे कण एकमेकांच्या जवळ येतात, आणि तेवढेच ओझे पाण्याकडून कणांकडे जाते. पाण्यातला जास्तीचा दाब शून्यावर आला की हा व्यवहार संपला. याला म्हणतात कन्सॉलिडेशन. मराठी पाठ्यपुस्तकांत 'दृढीकरण' असा शब्द आहे, पण साइटवर तो कोणाच्या तोंडून ऐकल्याचे आठवत नाही.

श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि गोळा आक्रसत जातो. घाई असेल तर फडके पाटावर ठेवून वर वजन ठेवतात. पण पाच किलोंचा एकच मोठा गोळा बांधला तर सकाळी बाहेरून घट्ट आणि मध्ये लिबलिबीत निघतो, कारण मधल्या पाण्याला फडक्यापर्यंत पोहोचायला लांबचा पल्ला असतो. तेच दही पाच फडक्यांत बांधले असते तर काम रात्रीत झाले असते. वजन वाढवल्याने जास्त पाणी निघते. लवकर निघायला हवे असेल तर वाट आखूड करावी लागते. ही दोन वाक्ये वेगवेगळी आहेत आणि पुढचा सगळा मामला त्यांच्यातल्या फरकाचा आहे.

या गोष्टीला गणितात बसवले ते कार्ल तेर्झागी यांनी. हे मूळचे ऑस्ट्रियन अभियंते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इस्तंबूलमध्ये शिकवायला गेले आणि तिथल्या तुटपुंज्या प्रयोगशाळेत, जुगाडाच्या उपकरणांवर त्यांनी चिकणमातीच्या चकत्या दाबून पाहिल्या. त्यांच्या लक्षात आले की मातीतला पाण्याचा दाब ज्या रीतीने ओसरतो, त्याच रीतीने तापलेल्या पत्र्यातली उष्णता ओसरते. उष्णतेचे समीकरण तयार होतेच. 1923 साली त्यांनी ते मातीला लावले, 1925मध्ये त्यांचे मृदायांत्रिकीवरचे पुस्तक आले आणि एक नवे शास्त्र सुरू झाले. त्या समीकरणातून निघणारी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी: वेळ हा वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट दुप्पट, वेळ चौपट.

आता एक उदाहरण आकड्यांनी सोडवू. आकडे सिंगापूरच्या मातीला शोभतील असे, हिशेबाला सोपे घेतले आहेत. समुद्राची खोली 6 मीटर, तळाशी 20 मीटर चिखल, त्याखाली पाणी वाहू देणारी जुनी वाळूमिश्रित माती. आपल्याला जमीन समुद्रपातळीच्या 4 मीटर वर हवी आहे. कोणीही म्हणेल, 6 अधिक 4 म्हणजे 10 मीटर वाळू टाका. टाकली. चिखल बसू लागला. पण तो बसतो तशी वाळूही खाली जाते, पाण्यावरची वाळू पाण्याखाली जाते आणि तिचे वजन निम्म्याने कमी होते, कारण बुडालेल्या वस्तूला पाणी उचलून धरते. हे धरून हिशेब केला तर चिखल सुमारे 2.7 मीटर बसून थांबतो, आणि आपली 4 मीटर उंच जमीन भरतीच्या पाण्याहून जेमतेम वर, सव्वा मीटरवर उरते. तिथे विमान उतरवायची कोणाची हिंमत होणार नाही.

म्हणून वरून आणखी वाळू टाकायची. पण आणखी वाळू म्हणजे आणखी ओझे, आणखी ओझे म्हणजे आणखी बसणे. ही पाठशिवणी कुठे संपते ते पुन्हा हिशेबाने काढावे लागते. या उदाहरणात ती साडेतीन मीटरांवर संपते. म्हणजे 10 मीटरांच्या जागी साडेतेरा मीटर वाळू ओतायची, आणि त्यातली साडेतीन मीटर अशा ठिकाणी जाणार की ती पुन्हा कोणाला दिसणार नाही. एका हेक्टरला 35,000 घनमीटर. जेवढी वाळू अशी 'गिळली' जाते, बरोबर तेवढे पाणी चिखलातून बाहेर आलेले असते: हेक्टरी साडेतीन कोटी लिटर. कंत्राटात वाळूचा भाव लावताना ही गिळली जाणारी वाळू ज्याने धरली नाही त्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

आता वेळ. वीस मीटरांच्या थरातले पाणी वरून वाळूत आणि खालून जुन्या मातीत, असे दोन्हीकडे निघू शकते. मधल्या थेंबाला जास्तीत जास्त 10 मीटर चालावे लागते. या मातीच्या नेहमीच्या गुणधर्मांनी 90 टक्के काम व्हायला सुमारे 85 वर्षे लागतात. खाली वाळू नसून पक्का थर असेल तर वाट 20 मीटरांची, आणि वर्गाच्या नियमाने वेळ साडेतीनशे वर्षांच्या जवळ. शिवाजी महाराजांच्या काळात टाकलेला भराव आज कुठे स्थिरावला असता.

वाट आखूड करायची तर चिखलात उभ्या नळ्या रोवल्या पाहिजेत, म्हणजे पाण्याला वर-खाली जाण्याऐवजी आडवे जवळच्या नळीपर्यंत जाता येईल. पूर्वी यासाठी चिखलात वाळूचे खांब भरत. 1930च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये वॉल्टर केलमन यांनी चक्क पुठ्ठ्याच्या पट्ट्या मातीत रोवून पाहिल्या, आणि आजची पट्टी त्यांचीच नात आहे. साइटवर तिला पीव्हीडी म्हणतात. दहा सेंटीमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड, आत खाचा असलेला प्लॅस्टिकचा गाभा आणि त्यावर गाळणीसारखे न विणलेले कापड. पाणी कापडातून आत येते, माती बाहेर राहते, आणि पाणी खाचांतून वर वाळूत येते. पट्टी मोठ्या रिळावर गुंडाळून येते. चाळीस-पन्नास मीटर उंच मनोऱ्याच्या यंत्रात पोकळ पोलादी मँड्रेल असते. पट्टी त्यातून ओवून टोकाला लोखंडी चकती अडकवतात, मँड्रेल थेट चिखलाच्या तळापर्यंत दाबतात आणि उपसून घेतात. चकतीमुळे पट्टी खालीच अडकून राहते. वर हातभर सोडून कापायची, दीड मीटर सरकायचे, पुन्हा तेच.

दीड मीटर हे अंतर चांगीच्या कामात खूप वापरले गेले. आपल्या उदाहरणात दीड मीटर चौकोनी अंतरावर पट्ट्या रोवल्या तर 85 वर्षांचे काम साधारण एका वर्षात होते. थोडी काटकसर करून अंतर 3 मीटर केले तर पट्ट्या चौथा हिस्सा लागतात, पण वेळ पाच वर्षांवर जातो.

पण 'साधारण एक वर्ष' हा कागदावरचा आकडा. मँड्रेल आत घुसताना आजूबाजूचा चिखल मळला जातो. नैसर्गिक मातीत बारीक वाळूच्या आडव्या रेषा असतात, ज्यांतून पाणी जरा मोकळे वाहते. त्या रेषा पट्टीच्या भोवती लेपून बंद होतात. भिंतीला गिलावा केल्यासारखे. हा लेप धरला की त्याच पट्ट्यांना एका वर्षाऐवजी पावणेदोन वर्षे लागतात. म्हणजे अंतर कमी करायचा फायदाही बेतानेच: पट्ट्या फार जवळ आल्या की सगळा चिखलच मळलेला निघतो. दुसरी अडचण पट्टीच्या पोटातली. 20 मीटरचा चिखल साडेसोळा मीटरवर आला, तर त्यात उभी असलेली 20 मीटरची पट्टी जाणार कुठे? ती आत नागमोडी होते, काही ठिकाणी घडी पडते, आणि घडीपाशी पाण्याची वाट चेपते. म्हणून चांगल्या कामात पट्टी विकत घेण्याआधी तिला मुद्दाम घडी घालून, दाबाखाली ठेवून, त्या अवस्थेत ती किती पाणी वाहून नेते हे तपासतात. सरळ पट्टीचा आकडा दाखवणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न विचारून पाहावा.

पट्ट्या रोवून झाल्या की वर सरचार्ज चढतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाळूचा डोंगर. चक्क्यावर ठेवलेले वजनच ते. कायमच्या भारामुळे चिखल शेवटी साडेतीन मीटर बसणार असेल, आणि वर आणखी 3 मीटर वाळू चढवल्याने तो 4.1 मीटर बसायच्या मार्गाला लागला असेल, तर साडेतीन मीटर गाठायला त्या वाढीव प्रवासाचे 85 टक्केच पूर्ण व्हावे लागतात. ते झाले की वरची वाळू काढून पुढच्या भागात न्यायची. पावणेदोन वर्षांत 90 टक्के, आणि उरलेले 35 सेंटीमीटर धावपट्टी बांधल्यावर, याऐवजी दीड वर्षाच्या आत पुरे साडेतीन मीटर. एकच वाळू आज या भागावर, पुढच्या वर्षी त्या भागावर अशी फिरवली जाते.

वाळूबद्दल थोडेसे. ती समुद्रतळातून ड्रेजरने उपसतात. मोठे ड्रेजर तळ उघडून खोल पाण्यात थेट ओततात, उथळ झाले की पाइपने पाण्यासकट फेकतात. बारीक गाळ जास्त असलेली वाळू नको असते, कारण तो वाळूतच वेगळा साचतो आणि पट्ट्यांमधून वर आलेल्या पाण्याची वाट अडवतो. पाण्याखाली ओतलेली वाळू सैल असते. ती नंतर जड वजने आपटून किंवा कंपने देऊन घट्ट करतात. ते काम आठवड्यांचे आहे. चिखलाच्या मानाने वाळू हा सरळमार्गी माणूस.

खरी परीक्षा मात्र ती कशी ओतायची यात आहे. ओझे पडल्या दिवशी ते सगळे पाण्याने घेतलेले असते, हे आपण पाहिले. म्हणजे त्या दिवशी चिखलाची ताकद जराही वाढलेली नसते. एका बाजूला जास्त वाळू आणि शेजारी काही नाही, असे झाले की चिखल वाट मिळेल तिकडे सरकतो आणि पुढे चिखलाची लाट उठते.

चांगीच्याच कामात याचे एक टोकाचे प्रकरण घडले. 1970च्या दशकात पहिल्या विमानतळासाठी समुद्रतळातून वाळू उपसली तेव्हा तिथे एक मोठा खड्डा झाला होता. पुढे वाळू धुण्याच्या कामांतून निघालेला गाळ त्यातच सोडला गेला. सुमारे 180 हेक्टरांचे ते गाळतळे, आणि त्यातला गाळ काही ठिकाणी वीस मीटर खोल. ही माती नव्हतीच, पळीवाढे पिठले होते. तिच्यावर वाळू पातळ थरांनी, वीतभर वीतभर पसरत गेले. काही काळ जमले, मग एका ठिकाणी वाळूचा थर फोडून गाळ वर उसळला. तेव्हा त्या भागावर साधारण 700 मीटर बाय 900 मीटरची, भक्कम धाग्यांच्या जिओटेक्स्टाइलची एकच चादर शिवून पसरली आणि तिच्यावर पुन्हा पातळ थर सुरू झाले. पट्ट्याही दोन खेपांना रोवाव्या लागल्या: पहिल्या खेपेच्या पट्ट्या गाळ इतका बसल्यावर मोडून पडणार हे उघड होते, म्हणून थोडे बसू दिल्यावर त्यांच्या मधोमध दुसऱ्या. या प्रकरणात मला चादरीपेक्षा तो थांबण्याचा निर्णय महत्त्वाचा वाटतो. वाळूची जहाजे रांगेत उभी असताना 'आज नको' म्हणणे कोणत्याही साइटवर सोपे नसते.

आता तिसरा प्रश्न, काम झाले हे ओळखायचे कसे? दोन साधने असतात. एक सेटलमेंट प्लेट: चिखलावर ठेवलेली पोलादी चौकट, तिला उभा दांडा, वाळू चढेल तसा दांडाही वाढवायचा आणि त्याची उंची मोजत राहायचे. दुसरे पिझोमीटर: चिखलात पुरलेला, पाण्याचा दाब मोजणारा संवेदक. एक सांगते किती बसले, दुसरे सांगते अजून किती दाब निघायचा आहे. दोघांचे उत्तर जुळले पाहिजे. ते बहुतेक वेळा जुळत नाही, आणि अभियंत्याचा कस तिथे लागतो.

किती बसले हे कळते, पण कितीपैकी हे कळत नाही. शेवटचा आकडा काढायला 1978 साली जपानच्या अकिरा असाओका यांनी सुचवलेली युक्ती जगभर वापरतात. सारख्या अंतराने, समजा दर महिन्याला, मोजलेली नोंद तिच्या आधीच्या नोंदीसमोर आलेखावर मांडायची. बिंदू एका सरळ रेषेत पडतात. ती रेषा 45 अंशांच्या रेषेला जिथे छेदते, तिथे या महिन्याची नोंद आणि मागच्या महिन्याची नोंद सारखी, म्हणजे बसणे थांबले. तोच शेवटचा आकडा. पद्धत इतकी देखणी आहे की तिच्या प्रेमात पडायला होते, आणि तिथेच घात होतो. नोंदी फार लवकरच्या असतील तर रेषा लवकर छेदते, शेवटचा आकडा लहान निघतो, आणि खरे 75 टक्के झालेले काम कागदावर 90 टक्के दिसते. सरचार्ज हलवायची घाई असलेल्याला हा आकडा गोड लागतो.

पिझोमीटरची चूक उलट्या दिशेची. तो चिखलात पुरलेला असतो, म्हणून चिखलाबरोबर तोही खाली जातो. दोन मीटर खाली गेला तर त्याच्यावर स्थिर पाण्याचाच दाब दोन मीटरने वाढतो, सुमारे 20 किलोपास्कल. हा दाब निघून जाणारा नाही. तो त्या खोलीवर कायमचाच आहे. पण तो वजा केला नाही तर वाटते की चिखलात अजून बराच दाब अडकला आहे, काम लांबले आहे. मग सहा महिने उगाच वाट पाहिली जाते. म्हणून पिझोमीटरच्या शेजारी प्लेट हवीच आणि दर वाचनाला संवेदकाची नवी खोली धरायची. एवढे करूनही दोन्ही आकड्यांत फरक उरला तर मी पिझोमीटरवर विश्वास ठेवीन. शेवटी किती बसणार हा अंदाजाचा भाग असतो. दाब मात्र आज, या क्षणी तिथे आहे. त्याउपर चिखलात पुन्हा भोक पाडून त्याची ताकद मोजावी: पाणी खरेच गेले असेल तर माती आधीपेक्षा घट्ट लागलीच पाहिजे.

हे सगळे नीट केल्यावरही दोन गोष्टी हातात राहत नाहीत. पाणी निघून गेल्यावरही चिखलाचे कण एकमेकांवर सरकत, रचना बदलत, फार सावकाश आणखी बसतात. सरचार्ज थोडा जास्त वेळ ठेवला तर हे कमी होते, पण पुरते संपत नाही. आणि जिथपर्यंत पट्ट्या पोहोचत नाहीत, तिथला चिखल आपल्याच गतीने चालतो. ओसाकाच्या उपसागरातले कान्साई विमानतळ हे याचे उदाहरण. तिथला भराव मुख्यतः डोंगर फोडून आणलेल्या दगडमातीचा, पाणी 18 मीटर खोल. वरचा सुमारे 20 मीटर मऊ चिखल वाळूच्या खांबांनी, लाखोंच्या संख्येने, नीट निचरला आणि तो भाग अपेक्षेप्रमाणे वागला. पण त्याच्या खाली शेकडो मीटर जुनी चिकणमाती होती, जिथे कोणतेही यंत्र पोहोचत नव्हते. पहिले बेट बांधकाम सुरू झाल्यापासून सरासरी 13 मीटरांहून जास्त बसले. 1994 साली विमानतळ सुरू झाला तेव्हा वर्षाला अर्धा मीटर, आता काही सेंटीमीटर. हे होणार हे माहीत होते म्हणून टर्मिनलच्या शेकडो खांबांच्या पायाशी जॅक बसवलेले आहेत. जागा असमान बसली की खांब उचलून खाली पोलादी पत्रे सरकवतात.

आपल्या पायरीचेही उत्तर यातच आहे. पाइलांवरच्या इमारतीच्या भोवतीचा चिखल बसत राहिला की पायरीखाली फट पडते आणि पाण्याची जोडणी इमारतीच्या भिंतीपाशी तुटते. इतकेच नाही, बसणारा चिखल पाइलांना घासत खाली ओढतो आणि त्यांच्यावर असे ओझे टाकतो जे इमारतीच्या वजनात कुठेच नव्हते. भरावाच्या जमिनीवर घर घेताना इमारत कशावर उभी आहे हे सगळे विचारतात. भोवतीच्या जमिनीतले पाणी काढले होते का, पट्ट्या किती अंतरावर होत्या, सरचार्ज किती महिने होता आणि काढला त्या दिवशी पिझोमीटर काय सांगत होता, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

सिंगापूरला पुढे वाळूच मिळेनाशी झाली. मलेशियाने 1997मध्ये वाळूची निर्यात बंद केली, 2003मध्ये इंडोनेशियाने समुद्रवाळूची. 2016 साली पुलाव तेकोंग या बेटापाशी सिंगापूरने बांध घालून आतले पाणी उपसण्याची डच पद्धत हाती घेतली. तिला भरावापेक्षा वाळू कमी लागते. आणि पूर्व चांगीच्या ज्या जमिनीसाठी 1990च्या दशकात वाळू ओतायला सुरुवात झाली होती, तिथे विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलचे भूमिपूजन मे 2025मध्ये झाले.